‘आजी गेली’ असा मेसेज गेला तर? डिलीट करू नका, एडिट करा (पण कसं ते नीट बघून)

मागच्या महिन्यात आमच्या मावसभावानं घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘आजी गेली’. एवढंच. त्याला लिहायचं होतं की आजी अक्कलकोटला गेली, सकाळच्या एसटीनं, दुपारपर्यंत येते. पण मधेच बोट सेंडवर पडलं. आता मराठीत ‘आजी गेली’ एवढं दोन शब्दांत आलं की त्याचा एकच अर्थ निघतो, तुम्हालाही माहितीय. त्यानं मिनिटाभरात चूक बघितली, घाबरला आणि मेसेज सरळ सगळ्यांसाठी डिलीट करून टाकला. झालं! पुण्यातल्या आत्यांनी फोनच्या वरच्या पट्टीत ‘आजी गेली’ वाचलेलं, आत जाऊन बघतात तर ‘This message was deleted’. म्हणजे पोराला लिहवेना म्हणून पुसलं असणार, असा अर्थ त्यांनी काढला आणि फोनवर रडायला लागल्या. आजी इकडे बसमध्ये शेंगा खात बसलेली.

ह्या प्रसंगात डिलीट केल्यानं आगीत तेल पडलं. एडिट केला असता तर तो मेसेज त्याच जागी ‘आजी गेली अक्कलकोटला, दुपारी येते’ असा झाला असता आणि उघडून बघणाऱ्याला लगेच उलगडा झाला असता. म्हणून हे लिहितोय. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज एडिट कसा करायचा, किती वेळात करायचा, आणि समोरच्याला त्यातलं काय दिसतं काय दिसत नाही. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण तिथंच आमच्या दुकानाचे पैसे गेले, ते पुढं सांगतो.

आधी करायचं कसं ते

अँड्रॉइड फोन असेल तर आपण पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरायचं, तो निवडला जातो आणि वर एक पट्टी येते. त्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात, ते दाबले की यादी उघडते, त्यात `Edit` असतं. ते दाबलं की जुना मजकूर टायपिंगच्या डब्यात येतो, पाहिजे तो बदल करायचा आणि बाजूची बरोबरची खूण दाबायची. झालं. आयफोनवर मेसेज दाबून धरला की यादी तिथंच उघडते, त्यात `Edit` सापडतं. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब चालवत असाल तर मेसेजवर माउस नेला की कोपऱ्यात छोटा बाण दिसतो, तो दाबून तेच.

फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर हे शब्द मराठीत दिसतील, जागा मात्र तीच.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे फक्त स्वतःचा मेसेज एडिट होतो, ग्रुपचा अॅडमिन असलात तरी दुसऱ्याच्या मेसेजमधला शब्द तुम्ही बदलू शकत नाही. अॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज डिलीट करता येतो पण बदलता येत नाही, आणि ते बरंच आहे म्हणा, नाहीतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज महाभारत झालं असतं. दुसरी म्हणजे एडिट होतं ते लिखाण. फोटोखाली लिहिलेली ओळ बदलता येते, पण फोटो बदलत नाही. व्हॉइस मेसेज, स्टिकर, ह्यांना एडिट नाहीच. तुम्ही दरपत्रकाचा फोटो काढून टाकला आणि चूक फोटोतल्या आकड्यात असली तर एडिट काही कामाचं नाही, तो फोटो डिलीटच करावा लागतो आणि दुसरा टाकावा लागतो.

पंधरा मिनिटं म्हणजे नेमकी कधीपासून

व्हॉट्सॲपनं ही सोय मे २०२३ मध्ये आणली आणि वेळ ठेवली १५ मिनिटं. ही पंधरा मिनिटं मेसेज पाठवल्यापासून मोजायची. समोरच्यानं वाचला तेव्हापासून नाही, आणि तुम्ही एकदा एडिट केलं म्हणून घड्याळ परत शून्यावर येत नाही. ७ वाजून ५ मिनिटांनी पाठवला तर ७ वाजून २० मिनिटांपर्यंत, संपलं. तेवढ्या वेळात दोनदा करा, चारदा करा, चालतं.

वेळ गेली की काय होतं? काहीच नाही. लाल अक्षरात कुणी सांगत नाही की तुमची वेळ संपली. फक्त यादीतून `Edit` हा शब्द गायब होतो. बऱ्याच लोकांना वाटतं आपल्या फोनमध्ये ही सोयच नाही, अपडेट करायला पाहिजे, पोराला विचारायला पाहिजे. तसं नसतं, बऱ्याचदा मेसेज जुना झालेला असतो. खात्री करायची तर एक नवीन मेसेज टाका आणि तोच दाबून बघा, स्वतःच्याच नंबरवर टाकला तरी चालेल, त्यात `Edit` दिसलं म्हणजे फोन ठीक आहे.

आणखी एक, चौदाव्या मिनिटाला लांबलचक मजकूर सुधारायला बसू नका. आधी जो आकडा किंवा शब्द घात करतोय तेवढा बदला आणि खूण दाबा, मग वेळ उरला तर परत उघडून बाकीची सजावट करा.

तुलनेला सांगतो, सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत ह्याच्यापेक्षा खूप मोठी आहे, जवळपास अडीच दिवस. २०१७ मध्ये ही सोय आली तेव्हा फक्त ७ मिनिटं मिळायची, मग ती वाढत वाढत २०२२ मध्ये साठ तासांवर आली. म्हणून लोकांच्या बोटाला डिलीटची सवय लागलीय, चूक झाली की हात तिकडेच जातो. पण डिलीट केल्यावर तिथं ‘हा मेसेज डिलीट केला’ असा फलक उभा राहतो आणि आपल्याकडे असा फलक बघून गप्प बसणारा माणूस मी तरी अजून बघितला नाही. ‘काय होतं वो त्यात?’ म्हणून पहिला फोन, मग दुसरा.

समोरच्याला काय दिसतं

एडिट केल्यावर मेसेजच्या कोपऱ्यात, वेळेच्या शेजारी, बारीक अक्षरात `Edited` असं येतं. तुमच्या फोनवर पण आणि त्यांच्या फोनवर पण. एक वेलांटी बदलली तरी येतं आणि अख्खा मेसेज बदलला तरी तेच येतं. ते काढता येत नाही, लपवता येत नाही.

आता ह्या शब्दातून समोरच्याला काय कळतं ते बघा. एवढंच कळतं की इथं काहीतरी बदललंय. काय होतं आणि काय केलं हे कळत नाही, त्या शब्दावर टॅप केलं तरी जुना मजकूर उघडत नाही. कधी बदललं तेही कळत नाही कारण शेजारची वेळ मूळ पाठवल्याचीच राहते. ७:०५ चा मेसेज ७:१७ ला एडिट केला तरी तिथं ७:०५ च.

ह्याच्यातून तीन गोष्टी होतात आणि त्या तिन्ही लोकांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली, एडिट केल्यावर समोरच्याचा फोन परत वाजत नाही. नवीन नोटिफिकेशन जात नाही. ज्यानं आधी वाचून फोन खिशात ठेवला त्याच्या डोक्यात जुनाच मजकूर राहतो, त्याला तुम्ही सुधारलंय ह्याचा पत्ताच नाही.

दुसरी, मेसेज जागचा हलत नाही. खाली चाळीस गुड मॉर्निंग आणि फुलांचे फोटो पडलेले असले तर सुधारलेला मेसेज तिथंच वर गाडलेला राहतो. मुद्दाम वर जाऊन कोण बघतंय?

तिसरी, तुमचा जुना मेसेज कुणी पुढं पाठवला असेल, कॉपी करून दुसरीकडे टाकला असेल, स्क्रीनशॉट काढला असेल, तर त्या नकला तशाच राहतात. तुम्ही इकडे सुधारून काही उपयोग नाही, बाण सुटलेला असतो.

म्हणजे एडिट ही गुपचूप होणारी गोष्ट आहे. शुद्धलेखनाची चूक असेल, ‘काकू’च्या जागी ‘काकडी’ झालं असेल, तिथं हे गुपचूपपण सोन्यासारखं आहे. पण तारीख, वेळ, पत्ता, पैसे असल्या गोष्टी असतील तर हेच गुपचूपपण अंगलट येतं.

आता आमच्या दुकानाचं

मामांचं चादर-टॉवेलचं दुकान आहे, मी हिशोब आणि मोबाईल बघतो. बार्शी, पंढरपूर, तुळजापूर, लातूर इकडचे छोटे दुकानदार मिळून एक ग्रुप आहे, ३८ जण आहेत, त्याच्यावर दर टाकायचे असतात. लग्नसराईच्या आधी एका संध्याकाळी मी लिहिलं:

‘जेकार्ड चादर डबल ४५०, सिंगल ३२०. माल तयार आहे.’

७:०५ ला पाठवला. डबलचा दर होता ५४०. चार आणि पाच उलटे पडले. ७:०९ ला मामा गल्ल्यावरून ओरडले, ‘आरं काय लिवलंय बघ की!’ मी बघितलं आणि ७:११ ला एडिट करून ५४० केलं. सहाच मिनिटं झालेली, डिलीट पण नाही केलं, म्हणलं किती शहाणपणानं वागलो आपण. मेसेजखाली `Edited` आलं, मी फोन ठेवून दिला आणि चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बार्शीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन, ‘शेठ, डबलच्या साठ चादरी टाका गाडीत, साडेचारशेनं’. मी म्हणलं पाचशे चाळीस. तो म्हणतो, काल तुम्हीच लिहिलंय. मी म्हणलं बघा ग्रुपवर. त्यानं बघितलं, तिथं ५४०. मग त्यानं पाठवला स्क्रीनशॉट, ७:०७ ला काढलेला, त्यात स्वच्छ ४५०. वर त्यानं तो दर त्याच्या गिऱ्हाइकाला सांगून पण टाकलेला, एका मंगल कार्यालयाची ऑर्डर होती.

चादरीमागं ९० रुपये, साठ चादरी, म्हणजे ५४०० रुपयांचा फरक. आणि खरी गंमत, म्हणजे गंमत आत्ता वाटतीय, ती अशी की आमच्या ग्रुपवरच्या मेसेजखाली `Edited` लिहिलेलं. त्याच्या हातात ४५० चा स्क्रीनशॉट आणि आमच्याकडं ‘काहीतरी बदललंय’ असा शिक्का. मामा बघून म्हणाले, ‘आपणच कबूल केल्यासारखं दिसतंय की रे हे.’ माणूस चांगला होता, नेहमीचा होता, त्याला वाटलं आम्ही दर वाढला म्हणून मागाहून गुपचूप बदलला. ते जास्त लागलं. शेवटी वीस चादरी ४५० नं दिल्या, बाकीच्या ५४० नं. १८०० रुपये गेले.

मी नंतर बसून विचार केला की चुकलं कुठं. एडिट करण्यात चूक नव्हती. एडिट करून गप्प बसलो ती चूक.

मग करायला काय पाहिजे होतं, क्रमानं

चूक दिसली की एडिटवर जायच्या आधी पाच सेकंद काढून बघायचं की कुणी कुणी वाचलंय. मेसेज दाबून धरायचा, वरच्या पट्टीत गोलातला `i` दिसला तर तो, नाहीतर तीन ठिपक्यांत `Info`. आत दोन याद्या असतात, कुणी वाचलं आणि कुणाला नुसता पोचलाय. ग्रुपमध्ये ही यादी भरवशाची असते कारण निळ्या खुणा बंद करायची जी सेटिंग आहे ती ग्रुपला लागू होत नाही. एकेकट्या माणसाच्या चॅटमध्ये मात्र त्यानं ती बंद केली असेल तर वाचलं तरी निळं दिसणार नाही, तिथं वाचलंय असंच धरून चाला. आणि हेही खरं की वरच्या पट्टीतूनच मेसेज वाचला, आत उघडलाच नाही, तर तो माणूस वाचलेल्यांच्या यादीत येत नाही. आमच्या आत्यांसारखं.

त्या दिवशी मी नंतर ती यादी बघितली. वाचलेल्यांची वेळ नावाखालीच दिसते, त्यावरून मोजलं तर ७:११ च्या आधी ११ जणांनी वाचलेलं होतं. म्हणजे एडिटचा फायदा उरलेल्यांना झाला, त्यांनी उघडलं तेव्हा सरळ ५४० च दिसलं. ह्या ११ जणांसाठी वेगळं काहीतरी करायला हवं होतं, आणि सगळं दुखणं ह्या ११ जणांपैकी एकाचंच निघालं.

यादी बघून झाली की एडिट करायचं, आणि एडिट करताना नुसता आकडा बदलायचा नाही. जुना काय होता तेही लिहायचं. असं:

‘जेकार्ड चादर डबल ५४०, सिंगल ३२०. माल तयार आहे. (डबलचा दर आधी चुकून ४५० पडला होता, ५४० च धरावा.)’

आता `Edited` चा शिक्का आपल्या बाजूनं बोलतो. काय बदललं हे मेसेजच सांगतोय, लपवाछपवीचा प्रश्नच नाही. दोन वर्षांनी कुणी उघडून बघितलं तरी कळेल.

हे झालं की लगेच आपल्याच मेसेजला रिप्लाय करायचा. मेसेज उजवीकडे सरकवला की रिप्लाय उघडतो. त्यात एका ओळीत, ‘वरचा डबल चादरीचा दर सुधारलाय, ५४० आहे, ४५० नाही.’ हा नवीन मेसेज असल्यामुळं सगळ्यांचा फोन वाजतो आणि तो सगळ्यात खाली दिसतो. एडिटला जे जमत नाही ते काम हा रिप्लाय करतो. वाचलेले लोक थोडेच असतील तर त्यांना `@` लावून नाव टाकायचं, ग्रुप म्यूट करून ठेवलेल्या माणसाला पण मग नोटिफिकेशन जातं, आणि आपल्या धंद्याच्या ग्रुपात म्यूट न केलेला माणूस शोधून दाखवा.

ज्याच्याकडनं ऑर्डर यायची शक्यता आहे त्याला सरळ फोन. मामा तर म्हणतात की फोन पहिला, बाकीचं मागाहून. मला ते पूर्ण पटत नाही कारण ११ जणांना फोन करेपर्यंत पंधरा मिनिटं जातात आणि तेवढ्यात आणखी दहा जण चुकीचा दर वाचून बसतात. म्हणून आधी एडिट, मग रिप्लाय, मग फोन. एडिट आणि रिप्लाय मिळून दोन मिनिटांचं काम आहे.

पंधरा मिनिटं गेली तर

समजा ती चूक मला ७:०९ ऐवजी ७:४० ला कळली असती. `Edit` गायब. आता दोन रस्ते राहतात.

एक म्हणजे मूळ मेसेज तसाच ठेवायचा आणि त्याला रिप्लाय करून सुधारायचं. रिप्लायमध्ये जुन्या मेसेजचा तुकडा वर दिसतो त्यामुळं संदर्भ तुटत नाही. मला हा रस्ता बरा वाटतो, प्रामाणिक दिसतो. पण त्यात एक धोका आहे, नंतर कुणी वरवर चाळताना मूळ चुकीच्या मेसेजवरच थांबलं आणि खाली उतरलंच नाही तर.

दुसरा म्हणजे चुकीचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायचा आणि बरोबर मेसेज नव्यानं टाकायचा. इथं क्रम उलटा ठेवा, म्हणजे आधी बरोबर मेसेज टाका, त्यात लिहा की वरचा दर चुकलाय म्हणून काढतोय, आणि मग जुना डिलीट करा. असं केलं की डिलीटचा फलक दिसला तरी त्याचं कारण खालीच लिहिलेलं असतं. आधी डिलीट करून मग टायपिंग करत बसलं की मधल्या दोन मिनिटांत लोकांच्या कल्पनेला पंख फुटतात.

डिलीट करताना एक खबरदारी. `Delete for everyone` आणि `Delete for me` शेजारीशेजारी असतात. घाईत दुसरं दाबलं तर मेसेज फक्त तुमच्या फोनवरून जातो, बाकी सगळ्यांकडे तसाच राहतो आणि तुम्हाला तो परत हातात घेता येत नाही. असं झालंच तर खाली काही सेकंद `Undo` दिसतं, ते लगेच दाबा.

मग डिलीट कधी बरं

मेसेज चुकीच्या माणसाला किंवा चुकीच्या ग्रुपात गेला तर एडिट करू नका, डिलीटच करा. काही जण हुशारी करतात, मेसेज एडिट करून नुसता एक टिंब ठेवतात किंवा ‘नमस्कार’ करून टाकतात म्हणजे डिलीटचा फलक नको. पण मग `Edited` लिहिलेला एकटाच ‘नमस्कार’ रात्री साडेअकराला बॉसच्या चॅटमध्ये काय करतोय ह्याचं उत्तर तयार ठेवावं लागतं. शिवाय कुणाचा बँकेचा नंबर, ओटीपी, आजारपणाचे रिपोर्ट असलं काही चुकून गेलं असेल तर तिथं आब राखायचा प्रश्न नसतो, काढून टाकणं महत्त्वाचं. फोटो असेल तर तो समोरच्याच्या फोनमध्ये आधीच सेव्ह झालेला असू शकतो, डिलीटनं तो जातोच असं नाही, त्यामुळं फोन करून सांगावं लागतं.

आणि भांडणात रागानं लिहिलेलं असेल तर? माझं मत विचाराल तर एडिट करून त्याचं गोड वाक्य करू नका. समोरच्यानं आधीचं वाचलेलं असतं, आणि मग शिवीच्या जागी ‘जेवलास का’ दिसलं की ते जास्त खोटं वाटतं. तसाच ठेवा आणि खाली माफी मागा, नाहीतर काढून टाका.

दुसऱ्या ॲपवर मुदत वेगळी

सगळीकडे पंधरा मिनिटं नसतात, म्हणून एका ॲपची सवय दुसरीकडे लावून घोळ होतो. टेलिग्रामवर चॅटमधला मेसेज ४८ तासांपर्यंत बदलता येतो. सिग्नलवर २४ तास मिळतात, पण दहा वेळाच बदलता येतो. इन्स्टाग्रामच्या मेसेजमध्ये पंधरा मिनिटंच आहेत. आयफोनवरून आयफोनला जाणारा जो निळा मेसेज असतो त्याला पण पंधरा मिनिटं, आणि जास्तीत जास्त पाच वेळा.

पण मुदतीपेक्षा मोठा फरक दुसराच आहे. सिग्नलवर आणि आयफोनच्या निळ्या मेसेजवर एडिट झालेल्या शिक्क्यावर टॅप केलं की आधीचा मजकूर उघडतो, समोरचा माणूस बघू शकतो की तुम्ही आधी काय लिहिलं होतं. व्हॉट्सॲपवर तसं होत नाही म्हणून तिकडं पण होत नसेल असं धरून चालू नका. आमच्या ओळखीतल्या एकानं आयफोनवर पगाराचा आकडा लिहून मग बदलला आणि बायकोनं टॅप करून आधीचा वाचला, पुढचं त्यानं सांगितलं नाही.

उलट बाजूनं बघितलं तर दराचे, तारखेचे मेसेज ज्या ॲपवर जुना मजकूर दिसतो तिथं एडिट करणं जास्त सुरक्षित म्हणायला पाहिजे, कारण बार्शीच्या त्या माणसाला टॅप करून कळलं असतं की ४५० चं ५४० झालंय. वेळेवरून वाद मिटला असता की नाही माहीत नाही, पण गुपचूप बदलल्याचा संशय तरी आला नसता.

साध्या एसएमएसला मात्र एडिट नाहीच. आमची दोन जुनी गिऱ्हाइकं अजून बटनाच्या फोनवर आहेत, त्यांना दर एसएमएसनं जातो. तिथं मामा मला हात लावू देत नाहीत. चष्मा लावून एकेक आकडा दाबतात, पाठवायच्या आधी मोठ्यानं वाचतात, ‘पाचशे… चाळीस’, आणि पाठवला की लगेच फोन करून विचारतात, ‘आला का? काय लिवलंय सांग बघू.’